माइलस्टोन लेट झाला म्हणून क्लायंटला मेसेज टाकला आणि तोच अंगावर आला: काय काय तपासायचं

आमची छोटी कंपनी आहे पुण्यात, सहकारी पतसंस्थांना जुन्या सॉफ्टवेअरमधून नव्यावर आणायचं काम करतो. मी प्रोजेक्ट कोऑर्डिनेशन बघते, त्यामुळे "माइलस्टोन पुढं गेला" हे सांगायचा मेसेज दर दीड-दोन महिन्यांनी एकदा तरी माझ्या हातून जातोच. आणि हा मेसेज बिघडतो तो दर वेळी एकाच पद्धतीनं: मेसेजमध्ये एक असतं आणि ट्रॅकरमध्ये दुसरं. आम्ही जिरा वापरतो, तुमच्याकडं दुसरं काही असेल, बटणांची नावं बदलतील पण दुखणं तेच.

लक्षणं

मेसेज गेल्यावर खालीलपैकी काही झालं तर पुढचं वाचा.

क्लायंटचं पहिलंच उत्तर प्रश्न असतं, "म्हणजे नक्की कधी?" किंवा "कुठली फाईल उशिरा आली?". किंवा ते ट्रॅकरचा स्क्रीनशॉट परत पाठवतात, काही न लिहिता (हे सगळ्यात वाईट). तुमच्याच टीममधला कोणीतरी मेसेज वाचून म्हणतो, "हे मी असं बोललो नव्हतो." तुम्ही दिलेली नवी तारीख आठवड्यात परत सरकते. किंवा क्लायंट मेसेजला उत्तरच देत नाही आणि थेट तुमच्या साहेबांना फोन लावतो.

ह्या खेपेला आम्हाला फोन आला होता. कोल्हापूरकडची पतसंस्था, सचिव साहेब स्वतः: "मॅडम, फाईल आम्ही 5 तारखेलाच टाकली की. पोच आहे माझ्याकडं. उद्या संचालक मंडळाची बैठक आहे, तिथं मी काय सांगू, आमच्यामुळं उशीर झाला म्हणून?"

आधी केस सांगते

(टिकीटचे नंबर आणि आकडे बदललेत, क्रम खरा आहे.) माइलस्टोन M2, म्हणजे ठेव आणि कर्ज खात्यांचं ट्रायल मायग्रेशन, Due date 20 जून. 19 तारखेला दुपारी कळलं की उद्या होत नाही, तर आमच्या नव्या पोरानं हा मेसेज पाठवला, मी रजेवर होते:

"आपल्याकडून फाईल मिळण्यास झालेला उशीर व काही किरकोळ तांत्रिक अडचणींमुळे M2 थोडा पुढे गेला आहे. काम 90 टक्के पूर्ण असून टीम अहोरात्र काम करत आहे. 24 जूनपर्यंत नक्की देतो."

पोरगा हुशार आहे, खोटं बोलायचा त्याचा अजिबात विचार नव्हता. त्यानं दोघा-तिघांना विचारलं, जे ऐकलं ते गोड करून लिहिलं. तीन वाक्यांत पाच दावे आहेत आणि ट्रॅकरशी एकही जुळत नाही. आता स्वस्तातली तपासणी पहिली, महागडी शेवटी.

1. प्रत्येक दाव्याशेजारी टिकीट नंबर लिहा (पाच मिनिटं)

काहीही उघडायच्या आधी हे करा. मेसेज पाठवायच्या आधी नोटपॅडमध्ये टाका आणि वाक्य फोडून एकेका तुकड्यापुढं लिहा की हे कुठल्या टिकीटमधून आलं. नंबर सुचत नसेल तर तो तुकडा काढा.

आमच्या मेसेजचं असं झालं: "फाईल उशिरा" ह्यापुढं MIG-31. "किरकोळ तांत्रिक अडचण" ह्यापुढं MIG-38. "90 टक्के" पुढं काहीच नाही. "अहोरात्र" पुढं काहीच नाही, आणि तसंही सगळे सातला घरी जातात. "24 जून" पुढं परत MIG-38. म्हणजे दोन दावे नुसत्या ह्या एका चाळणीत गेले, जिरा उघडायच्या आत.

हे आधी का, तर ट्रॅकर उघडल्यावर आपण त्यात पाहिजे ते शोधायला लागतो. आधी दावा वेगळा काढून ठेवला की मग तो तपासला जातो, नाहीतर त्याला पुरावा गोळा केला जातो, फरक आहे.

2. "किती झालं" हा आकडा मोजून घ्या (पाच-दहा मिनिटं)

टक्के लिहायचे नाहीत. ट्रॅकरला टक्के माहीत नसतात, टिकीट माहीत असतात. किती उरलंय त्यासाठी एवढंच पुरतं:

```
fixVersion = "M2" AND statusCategory != Done ORDER BY duedate ASC
```

आमच्याकडं M2 मध्ये 11 टिकीट, त्यातली 2 उरलेली, म्हणजे 9 झाली. आता इथं एक खड्डा आहे ज्यात मी स्वतः दोनदा पडलेय. पोरानं मोजलं होतं Resolution भरलेली किती आहेत त्यावरून, तर त्याला 10 दिसली, आणि 11 पैकी 10 म्हणजे 90 टक्के, असा तो आकडा आला होता. टिकीट Done केलं की Resolution भरतं, पण तेच टिकीट परत In Progress मध्ये ओढलं तर वर्कफ्लोमध्ये ते पुसायची सोय केलेली नसेल तर Resolution तसंच राहतं. ओळखायचं कसं: टिकीट In Progress मध्ये आहे पण त्याच्या नंबरवर रेघ मारलेली दिसते. असं टिकीट दिसलं की समजायचं हे एकदा झालं म्हणून सांगून परत उघडलंय. शोधायचं असेल तर:

```
fixVersion = "M2" AND status CHANGED FROM "Done"
```

ह्यात MIG-38 सापडलं. आणि क्लायंटच्या दृष्टीनं खरी बातमी तीच होती, की जे झालं म्हणून 16 तारखेला दाखवलं ते 18 ला परत उघडलं. ती बातमी 90 टक्क्यांच्या खाली गाडली गेली.

बरं, 11 पैकी 9 हा आकडासुद्धा टक्केवारी करून सांगू नका. उरलेली दोन सगळ्यात मोठी होती. संख्या सांगायची आणि लगेच उरलेल्यांची नावं सांगायची, म्हणजे वाचणारा स्वतः वजन करतो.

3. तारखा History मधून घ्या, वरच्या पट्टीतून नाही (पंधरा मिनिटं)

टिकीट उघडल्यावर उजवीकडं ज्या तारखा दिसतात त्या फक्त आजच्या असतात. Updated तर बिनकामाचं, कोणी एक शब्द दुरुस्त केला तरी ते बदलतं. Due date बदललेली असेल तर जुनी कुठंच दिसत नाही, ती फक्त खाली History मध्ये असते, कोणी, कधी, कशाचं काय केलं. आणि हे वर दिलंय तसं CHANGED लावून शोधता येत नाही, ते स्टेटस, असाइनी, फिक्स व्हर्जन अशा मोजक्याच फील्डला चालतं. Due date साठी टिकीट एकेक उघडूनच बघायला लागतं, कंटाळा आला तरी. "3 days ago" असं दिसत असेल तर त्यावर माउस न्या, नेमकी तारीख-वेळ येते.

MIG-31 (ठेव खात्यांची फाईल) ची History अशी निघाली:

2 जूनला टिकीट बनलं, Due date 6 जून. 5 जूनला संस्थेनं फाईल जोडली. 9 जूनला आमच्या माणसानं In Progress केलं आणि त्याच दिवशी कमेंट टाकली की 214 खात्यांत शाखा कोड रिकामा आहे. 11 जूनला संस्थेनं दुरुस्त फाईल जोडली. 12 ला टिकीट Done.

म्हणजे फाईल मुदतीच्या एक दिवस आधी आली होती. अर्धवट होती हे खरं, पण ते आम्हाला कळलं 9 ला कारण आम्ही ती उघडलीच 9 ला. मध्ये शनिवार-रविवार होते, मान्य, पण सचिव साहेबांच्या पोचेवर 5 तारीख आहे आणि आमच्या मेसेजमध्ये "उशीर". फोन येणारच.

म्हणून अंतर लिहायचं नाही, तारखा लिहायच्या. "चार दिवस आमच्याकडं गेले" म्हटलं की टीम म्हणते त्यात सुट्टी होती, "एक दिवस गेला" म्हटलं की क्लायंट म्हणतो 5 ते 9 एक दिवस कसा. 5 ला आली, 9 ला उघडली, 11 ला दुरुस्त आली, ह्यावर कोणी भांडू शकत नाही.

एक बारीक गोष्ट, वर्क लॉगवर तारखेसाठी विसंबू नका. तास भरताना सुरुवातीची तारीख मागची टाकता येते, आणि महिनाअखेरीला लोक पंधरा दिवसांचे तास एका बैठकीत भरतात हे आपल्या सगळ्यांना माहितीय.

4. "मुळे" शब्द शोधा (अर्धा तास, आणि इथंच बहुतेक दोष सापडतो)

मेसेजमध्ये "मुळे", "म्हणून", "कारण" हे शब्द शोधा आणि प्रत्येकाला विचारा की हे कारण ट्रॅकरमध्ये कोणी लिहिलंय का. ट्रॅकर क्रम सांगतो: आधी हे झालं, नंतर ते झालं. कारण तो सांगतोच असं नाही. कारण म्हणून मी फक्त दोन गोष्टी धरते. एक, टिकीटांमध्ये "is blocked by" अशी लिंक आहे. दोन, काम करणाऱ्यानं किंवा टेस्टरनं कमेंटमध्ये स्वतः लिहिलंय. बाकी सगळीकडं "मुळे" काढून "नंतर" लिहा. वाक्य कोरडं होतं, होऊ दे.

आता MIG-38 बघा, हे जुन्या फॉन्टमधली सभासदांची नावं युनिकोडमध्ये आणायचं टिकीट. आमच्या मेसेजमध्ये ह्याचं नाव होतं "किरकोळ तांत्रिक अडचणी". टिकीटमध्ये 18 तारखेची टेस्टरची कमेंट: 500 नावं तपासली, 37 चुकली, रफार आणि पहिली वेलांटी जागा सोडतेय, "दुर्गा" चं "दुगार्" आणि "विजय" चं "िवजय" होतंय. ज्यांनी जुन्या फॉन्टचं काम केलंय त्यांना माहितीय हे का होतं, जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमानं साठवलेली असतात, वेलांटी आधी, रफार शेवटी, आणि युनिकोडला उच्चाराचा क्रम लागतो, त्यामुळं नुसता अक्षराला अक्षर बदलून चालत नाही, जागा हलवाव्या लागतात.

पण हे शेवटचं वाक्य टिकीटमध्ये नाहीये! ते मला माहितीय म्हणून मी इथं लिहिलं. क्लायंटच्या मेसेजमध्ये ते जाणार नाही, कारण उद्या डेव्हलपर म्हणाला की ह्या वेळी भलतंच कारण होतं तर मी तोंडघशी. जाईल ते एवढंच: 500 पैकी 37 नावं चुकली, अशी अशी. आणि गंमत म्हणजे पतसंस्थेच्या माणसाला हे "किरकोळ तांत्रिक अडचणी" पेक्षा कितीतरी पटकन कळतं. सभासदाच्या पासबुकावर "दुगार्" छापलं तर काय होईल हे त्यांना समजावून सांगायला लागत नाही, उलट ते म्हणतात घ्या बाबा वेळ.

5. नवी तारीख कोणाची आहे ते बघा (अर्धा दिवस लागू शकतो)

24 जून ही तारीख आली कुठून? MIG-38 ची Due date 17 होती, 18 तारखेला ती 24 केली गेली, History मध्ये आहे. बरोबर. पण ती नावांच्या टिकीटची तारीख आहे, माइलस्टोनची नाही. त्याच्यापुढं MIG-40 आहे, ट्रायल मायग्रेशन चालवून बाकी जुळवायची, आणि त्यावर "is blocked by MIG-38" अशी लिंक आहे, आणि त्याची Due date रिकामी. म्हणजे 24 ला नावं झाली तर MIG-40 तेव्हा *सुरू* होणार. पोरानं सुरुवातीची तारीख शेवटची म्हणून दिली. आठवड्यात परत सरकणारी तारीख म्हणतात ती बहुतेक वेळा अशीच जन्माला येते, एका टिकीटची तारीख अख्ख्या माइलस्टोनला चिकटवून.

इथं दोनच रस्ते आहेत. लीडला गाठा आणि MIG-40 वर तारीख टाकायला लावा, त्यानं स्वतः टाकायची, तुम्ही त्याच्या वतीनं नाही. तो म्हणाला आज सांगता येत नाही, तर मेसेजमध्ये तसंच जाईल: तारीख ठरलेली नाही, अमुक दिवशी कळवतो. फक्त तो "अमुक दिवस" सुद्धा हवेतला नको. मी ह्यासाठी स्वतःच्या नावावर एक छोटं टिकीट काढते, "M2 ची नवी तारीख क्लायंटला कळवणं", त्यावर Due date. मग तो पण ट्रॅकरमधला फॅक्ट झाला आणि विसरले तर माझ्याच नावावर लाल दिसतो.

6. ट्रॅकरच चुकीचा किंवा रिकामा असेल तर

हे सगळ्यात जड. कारण खरं आहे, सगळ्यांना माहितीय, पण टिकीटमध्ये कोणी लिहिलंच नाही. अशा वेळी मागं जाऊन स्टेटस ओढू नका, 18 चं 15 करायला बघू नका. History त्यावर आजचाच शिक्का मारते आणि ज्याला बघता येतं तो बघतो, मग उरलेला खरा भागसुद्धा संशयात जातो. ज्याला माहितीय त्याला आज कमेंट टाकायला सांगा, आजच्याच तारखेनं, "10 तारखेला असं झालं होतं, तेव्हा नोंद करायची राहिली" असं स्वच्छ. मग मेसेजमध्ये तिचा आधार घ्या, आणि नोंद नंतर झाली हे पण सांगा. तो माणूस लिहायला तयार नसेल तर ते कारण मेसेजमध्ये येणार नाही, बास.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलेला मेसेज

बैठकीच्या आधी पोचवायचा होता म्हणून आठ वाजता बसून लिहिला. लीडनं तारीख द्यायला 23 पर्यंत वेळ मागितला होता.

> विषय: M2 (ट्रायल मायग्रेशन) आज, 20 जूनला पूर्ण होत नाही
>
> मा. सचिव साहेब, सप्रेम नमस्कार.
>
> काल आमच्याकडून गेलेल्या मेसेजमध्ये चुका होत्या, तो रद्द समजावा. फाईल मिळण्यास उशीर झाला हे त्यातलं विधान चुकीचं होतं, त्याबद्दल दिलगीर आहोत.
>
> M2 मधील 11 कामांपैकी 9 पूर्ण आहेत. दोन बाकी आहेत.
>
> MIG-38, सभासदांची नावं युनिकोडमध्ये: 16 जूनला पूर्ण दाखवलं होतं. 18 जूनला तपासणीत 500 पैकी 37 नावं चुकीची आढळली (उदा. "दुर्गा" चे "दुगार्"), त्यानंतर काम पुन्हा उघडलं. मुदत 17 जून होती, ती आता 24 जून आहे.
>
> MIG-40, ट्रायल चालवणे व बाकी जुळवणे: MIG-38 पूर्ण झाल्याशिवाय सुरू होत नाही. याची तारीख अजून ठरलेली नाही.
>
> ठेव खात्यांची फाईल (MIG-31): आपण 5 जूनला दिली, मुदत 6 जून होती. आम्ही 9 जूनला तपासायला घेतली, 214 खात्यांत शाखा कोड रिकामा आढळला व त्याच दिवशी कळवलं. दुरुस्त फाईल 11 जूनला मिळाली.
>
> M2 ची नवी तारीख 23 जूनला संध्याकाळपर्यंत कळवते. 24 जून ही M2 पूर्ण होण्याची तारीख नाही.

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे, कारण आदल्या दिवशीच्या मेसेजमध्ये 24 गेली होती आणि एकदा गेलेली तारीख लोकांच्या डायरीत बसते, तिला नाव घेऊन खोडायला लागतं. शाखा कोड रिकामा होता हे पण लपवलं नाही, आमची 9 तारीख पण नाही. साहेबांचं उत्तर दोन ओळींचं आलं: मिळालं, बैठकीत ठेवतो, कर्ज खात्यांच्या फाईलमध्ये पण शाखा कोड बघून घेतो. 23 ला लीडनं MIG-40 वर 30 जून टाकली आणि मी तेवढीच ओळ पाठवली.

इथं थांबा, हा मेसेज तुम्ही लिहायचा नाही

वर्क ऑर्डरमध्ये उशिरासाठी दंडाची अट असेल, किंवा वर्क ऑर्डरमधली माइलस्टोनची तारीख आणि ट्रॅकरमधली तारीख वेगळी निघाली तर मसुदा तिथंच सोडा. तुमचं "आम्ही 9 जूनला उघडली" हे वाक्य उद्या बिलाच्या भांडणात वापरलं जाणार. ते खरंच आहे आणि जाईलही, पण ते कसं आणि कोणाच्या सहीनं जायचं हे डिलिव्हरी हेड आणि करार बघणारे वकील ठरवतील. त्यांना History चा उतारा द्या आणि बाजूला व्हा.

सभासदांचा डेटा चुकून भलत्या टिकीटला जोडला गेलाय, बाहेरच्या कोणाला दिसतोय असं काही तपासताना सापडलं, तर तो उशिराचा विषयच राहिला नाही. मेसेज थांबवा, आधी सिक्युरिटी बघणाऱ्याला आणि साहेबांना फोन. फोन म्हणतेय, ग्रुपवर टाकू नका. आणि एरवीसुद्धा टिकीटला जोडलेली फाईल पुरावा म्हणून मेलला लावू नका, त्यात लोकांचे खाते नंबर असतात.

कमेंटमध्ये कोणाच्या आजारपणाचं, घरच्या अडचणीचं लिहिलेलं असेल तर ते ट्रॅकरमध्ये असूनही क्लायंटकडं जात नाही. "असाइनी 13 जूनला बदलला" एवढं पुरतं. क्लायंटनं का बदलला विचारलं तर उत्तर एचआरकडून येईल, तुमच्याकडून नाही.

आणि तिसऱ्यांदा तोच माइलस्टोन पुढं ढकलायचा मेसेज लिहायला बसला असाल तर लिहू नका. साहेबांना गाडीत घाला आणि क्लायंटकडं जा.